चोवीस कॅमेरे, एक केबल

सोसायटीत सीसीटीव्ही बसवायचे ठरले की मीटिंगमध्ये कॅमेऱ्यांवर तासभर चर्चा होते. किती मेगापिक्सेलचे घ्यायचे, रात्री कुठपर्यंत दिसेल, रेकॉर्डिंग किती दिवस राहील. मात्र ही सगळी चित्रं ज्या एका केबलवरून रेकॉर्डरपर्यंत पोचतात, तिची चौकशी कोणी करत नाही. कोटेशनमध्ये ती ‘पीओई स्विच, ४ नग’ एवढ्या ओळीत उरकलेली असते. पुढे स्कूटर चोरीला जाते, फुटेज काढायला बसावं तर नेमकी हवी ती दहा सेकंदं गायब. अशा वेळी कॅमेऱ्याला दोष देण्याआधी त्या एका ओळीकडे बघायला हवं.

चार विंगांची एक सोसायटी धरू. रेकॉर्डर, म्हणजे एनव्हीआर, ए विंगखालच्या ऑफिसात आहे. प्रत्येक विंगमध्ये चार मेगापिक्सेलचे आठ कॅमेरे आणि त्यांच्यासाठी एक स्विच. केबल वाचावी म्हणून डी विंगचा स्विच सीला जोडला, सीचा बीला, बीचा एला आणि एचा रेकॉर्डरला. प्रत्येक कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सेकंदाला जास्तीत जास्त ६ मेगाबिट पाठवायची मुभा ठेवली आहे.

आता बेरीज करा. डी ते सी या केबलवर आठ कॅमेरे, म्हणजे ४८ मेगाबिट. सी ते बी सोळा कॅमेरे, ९६. बी ते ए चोवीस कॅमेरे, १४४. शेवटच्या तुकड्यावर सगळे बत्तीस, म्हणजे १९२. रेकॉर्डरच्या जवळ येऊ तसा भार वाढत जातो, आणि हिशोब करायचा तो प्रत्येक तुकड्याचा वेगळा.

बी आणि ए विंगमध्ये अंतर जास्त आहे. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच चालते, म्हणून तिथे फायबर टाकलं आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर नावाच्या छोट्या डब्या बसवल्या. या डब्या १०० मेगाबिटच्याही मिळतात आणि १००० च्याही, म्हणजे गिगाबिटच्याही. दिसायला सारख्याच. स्वस्त म्हणून १०० ची जोडी आली, तर १४४ चा भार १०० च्या वाटेवर पडणार.

तरीही कामाचा ताबा देताना सगळं उत्तम चालतं. कारण डेमो दुपारी असतो. ६ मेगाबिट ही कमाल मर्यादा आहे. कॅमेरा ‘व्हीबीआर’वर असेल तर चित्रात जेवढी हालचाल, तेवढंच तो पाठवतो. दुपारच्या रिकाम्या पार्किंगचं चित्र अडीच-तीन मेगाबिटमध्ये भागतं. चोवीस कॅमेऱ्यांचे झाले ७२, म्हणजे सगळं सुरळीत. रात्री उजेड कमी झाला की कॅमेरा सेन्सरची संवेदनशीलता वाढवतो आणि चित्रात दाणे उमटतात. ते प्रत्येक फ्रेममध्ये जागा बदलतात, त्यामुळे कॅमेऱ्याला सगळीकडे हालचालच दिसते आणि चित्र लहान करून पाठवणं त्याला जमत नाही. त्यात इन्फ्रारेड दिव्यांपुढे किडे आणि पावसाचे थेंब. मग एकेक कॅमेरा आपल्या सहाच्या मर्यादेला जाऊन टेकतो. म्हणून हिशोब दुपारच्या आकड्यावर कधीच करू नये, सेटिंगमधल्या कमाल आकड्यावर करावा.

सी ते बी या तुकड्यावर ९६ होते. तो दुवाही १०० मेगाबिटचा असेल, तर ९६ त्यात मावतील असं वाटतं, पण मावत नाहीत. कॅमेरा चित्रं सरळ धारेने पाठवत नाही. दर दोन सेकंदांनी, किंवा सेटिंग असेल त्याप्रमाणे, तो एक पूर्ण चित्र पाठवतो, त्याला आय-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल असतात. पूर्ण चित्र ३०० किलोबाइटचं धरलं, तर १०० मेगाबिटच्या पोर्टवरून ते सुमारे २४ मिलिसेकंदांत स्विचमध्ये येऊन आदळतं. चार कॅमेऱ्यांची पूर्ण चित्रं एकाच क्षणी आली, तर तेवढ्या वेळात आत येतात १२०० किलोबाइट आणि अपलिंकमधून बाहेर पडतात फक्त ३००. उरलेले ९०० किलोबाइट स्विचने सांभाळायचे, पण साध्या स्विचच्या तात्पुरत्या मेमरीत काही शेच किलोबाइट मावतात. बाकीचं तो टाकून देतो. तासाभरात जिन्यावरून किती प्रवासी गेले याची सरासरी कितीही बरी दिसली, तरी चार लोकल एकदम लागल्यावर जिना तुंबायचा राहत नाही. अपलिंक गिगाबिटचा असेल तर याच चार कॅमेऱ्यांचा लोंढा मिळून ४०० मेगाबिट होतो आणि साठवायची वेळच येत नाही.

म्हणून सरासरीची बेरीज दुव्याच्या साधारण ७० टक्क्यांवर गेली की मी तो दुवा भरला असं समजतो. या मापाने १०० मेगाबिटच्या दुव्यावर सहाच्या मर्यादेचे अकरा कॅमेरे, बारावा नाही.

बिघाड कुठे आहे ते चित्रावरून बरंच कळतं. मधली पाकिटं गळाली की चित्राचा खालचा भाग राखाडी होतो किंवा ओघळल्यासारखा दिसतो आणि पुढची आय-फ्रेम आली की एकदम साफ होतो. कॅमेरा गळालेली पाकिटं पुन्हा पाठवणाऱ्या पद्धतीवर असेल तर चित्र फाटत नाही, अडकतं आणि मग धावतं. आपल्या सोसायटीत रात्री बी, सी आणि डीचे कॅमेरे अडकतात आणि एचे आठ ठीक चालतात, असं दिसलं तर गाठ बी ते ए दुव्यावर आहे. एकट्या डीचे अडकत असतील, तर डी ते सी बघा.

तिथे आधी पोर्टचे दिवे पाहावेत. बऱ्याच स्विचवर गिगाबिट आणि १०० साठी दिव्याचा रंग वेगळा असतो. दोन्ही बाजूंना गिगाबिट पोर्ट असूनही दिवा १०० चा दाखवत असेल, तर बहुधा केबलची एखादी जोडी तुटली आहे किंवा क्रिम्पिंग नीट झालेलं नाही. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे एक जोडी गेली तरी दुवा बंद पडत नाही, गुपचूप दहापट अरुंद होतो. मला हा दोष सगळ्यात घातक वाटतो, कारण बाकी सगळं चालू दिसतं.

दुरुस्ती दोन बाजूंनी होते. डब्या गिगाबिटच्या घ्यायच्या. स्विच असे घ्यायचे की कॅमेऱ्यांचे पोर्ट १०० चे असले तरी अपलिंकचे पोर्ट गिगाबिटचे असतील. आणि जमेल तिथे प्रत्येक विंगची केबल थेट ऑफिसातल्या स्विचपर्यंत आणायची, म्हणजे एका विंगच्या दुव्यावर ४८ च्या वर भार जाणार नाही. दुसरी बाजू मर्यादांची. लिफ्टबाहेरच्या कॅमेऱ्याला सेकंदाला २५ फ्रेम कशाला हव्यात? १५ फ्रेम आणि ३ मेगाबिटमध्ये चेहरा ओळखू येतो. गेटवर गाड्यांच्या नंबरप्लेट वाचायच्या असतात, तिथे हात आखडू नये. आय-फ्रेममधलं अंतर वाढवलं की भार कमी होतो खरा, पण एकदा चित्र फाटलं की तेवढा जास्त वेळ फाटलेलं राहतं, म्हणून आधीच भरलेल्या दुव्यावर हा उपाय करू नये.

एक मर्यादा रेकॉर्डरच्या पोटातही असते. बत्तीस कॅमेऱ्यांचा म्हणून विकला जाणारा एखादा एनव्हीआर एकूण १६० मेगाबिटच आत घेतो, दुसरा २५६ किंवा ३२०. हा आकडा त्याच्या माहितीपत्रकात ‘Incoming Bandwidth’ समोर छापलेला असतो. आपली बेरीज १९२ आहे, त्यामुळे १६० चा रेकॉर्डर घेतला तर केबल कितीही चांगली टाकली तरी रात्री तो कमी पडेल. ऑर्डर देण्याआधी ही ओळ वाचावी आणि ताबा घेण्याची वेळ रात्री दहानंतरची ठरवावी, पार्किंगचे दिवे रोजच्यासारखे मंद ठेवून.