वस्तू परत गेली, हप्ता मागे राहिला

नाशिकच्या एका शिक्षिकेने दिवाळीच्या सेलमध्ये ३०,००० रुपयांचा मोबाइल क्रेडिट कार्डावर सहा हप्त्यांत घेतला, असे समजू. हप्ता दरमहा ५,००० रुपयांचा आणि जाहिरात ‘नो कॉस्ट ईएमआय’ची. फोन तापू लागला म्हणून त्यांनी परतीची विनंती टाकली. डिलिव्हरीवाला येऊन फोन घेऊन गेला आणि ‘तुमचा रिफंड दिला आहे’ असा संदेशही आला. विषय संपला असे त्यांना वाटले. पुढच्या महिन्याच्या कार्डाच्या बिलात मात्र ५,००० रुपयांचा हप्ता पुन्हा उभा होता.

असे घडते तेव्हा बहुतेकांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. पण या खरेदीत मुळात दोन व्यवहार झालेले असतात. एक विक्रेत्याशी, वस्तूचा. दुसरा बँकेशी, कर्जाचा. बँकेने विक्रेत्याला सगळी रक्कम एकदम देऊन टाकलेली असते आणि ग्राहकाकडून ती थोडी थोडी वसूल करायची असते. फोन परत गेला की पहिला व्यवहार मोडतो. दुसरा तेवढ्याने मोडत नाही. विक्रेत्याकडून आलेले पैसे म्हणजे बँकेच्या खातेवहीतली एक साधी जमा. ती जमा याच कर्जाची आहे हे काही बँका आपणहून ओळखतात आणि कर्ज बंद करतात. अनेक ठिकाणी ते ग्राहकालाच सांगावे लागते.

नो कॉस्ट ईएमआय बिनव्याजी नसतो, हेही इथे समजून घ्यायला हवे. बँक व्याज घेतेच. तेवढीच सूट विक्रेता किंवा कंपनी किमतीत आधी देते, म्हणून ग्राहकाला बेरीज सारखी दिसते. शून्य टक्के व्याजाच्या योजनांमध्ये व्याज वेगळ्या रूपात दडवले जाते, याकडे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बोट दाखवले होते. क्रेडिट कार्डांविषयीच्या २०२२ च्या निर्देशांत तिने आणखी पुढे जाऊन सांगितले, की हप्ते पाडताना मुद्दल, व्याज आणि त्यासाठी दिलेली सूट हे तिन्ही आकडे आधी स्पष्ट दाखवले पाहिजेत आणि बिलातही वेगळे छापले पाहिजेत. हे तीन आकडे परतीच्या वेळी फार कामाला येतात.

शिक्षिकेच्या फोनचा हिशेब मांडून पाहू. बँकेचा व्याजदर वर्षाला १५ टक्के धरला, तर सहा महिन्यांचे व्याज होते सुमारे १,२७० रुपये. तेवढी सूट वजा जाऊन कार्डावर २८,७३० रुपये पडले. म्हणून परतावाही २८,७३० चाच येणार, ३०,००० चा नाही. ‘माझे १,२७० रुपये कुठे गेले?’ असा प्रश्न पुष्कळांना पडतो. ते ग्राहकाच्या खिशातून गेलेलेच नसतात, म्हणून परतही येत नाहीत. खिशातून जाते ते वेगळेच. पहिल्या हप्त्याच्या ५,००० रुपयांत मुद्दल होते ४,६४१ रुपये आणि व्याज ३५९. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६५ रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये धरले, तर जीएसटीसह ते २३५ होते. परतावा येण्याआधी पहिले बिल निघाले आणि शिक्षिकेने ते भरले, तर त्यांनी सुमारे ५,३०० रुपये दिलेले असतात.

इथून पुढे वाटा फुटतात. समजा त्यांनी लगेच बँकेला कळवले आणि बँकेने कर्ज रद्द केले. उरलेले मुद्दल २४,०८९ रुपये. परताव्यातून ते वळते झाले की ४,६४१ रुपये शिल्लक राहतात, म्हणजे पहिल्या हप्त्यातले मुद्दल परत मिळाले. व्याज, कर आणि शुल्क मिळून साधारण ६५९ रुपये गेले. अधल्यामधल्या दिवसांचे थोडे व्याज बँक लावू शकते, ते वेगळे.

बँकेने ‘रद्द’ न करता ‘मुदतपूर्व बंद’ या खात्यात प्रकरण घातले, तर आकार वाढतो. उरलेल्या मुद्दलावर तीन टक्के शुल्क धरले तर जीएसटीसह आणखी ८५३ रुपये होतात. म्हणून ग्राहक सेवेशी बोलताना शब्द जपून वापरावेत. ‘ईएमआय बंद करायचा आहे’ एवढेच म्हटले, तर समोरचा माणूस त्याला मुदतपूर्व फेड समजू शकतो. ‘विक्रेत्याने वस्तू परत घेतली आहे, पूर्ण परतावा कार्डावर जमा झाला आहे, म्हणून हा ईएमआय रद्द करा’ असे सांगावे आणि तक्रार क्रमांक घ्यावा. वस्तू परत झाल्यास शुल्क न घेण्यासाठी काही बँकांनी ठरावीक दिवसांची मुदत ठेवलेली असते. ती मुदत खरेदीच्या आधीच अटींमध्ये पाहून ठेवली, तर फोनवर हुज्जत घालावी लागत नाही.

आणि काहीच कळवले नाही तर? २८,७३० रुपये कार्डावर जमा म्हणून पडून राहतात आणि दरमहा त्यातून हप्ता वळता होत जातो. उरलेले पाच हप्ते आणि त्यांतल्या व्याजावरचा कर मिळून २५,१६४ रुपये होतात. शेवटी शिल्लक राहते ३,५६६. म्हणजे हातात नसलेल्या फोनच्या कर्जावर जास्तीचे १,०७५ रुपये गेले. खरा धोका मात्र याहून मोठा आहे. बिलात उणे रक्कम दिसते, कार्डावर पैसे आहेत असे वाटते आणि त्यातून किराणा, पेट्रोल, मुलांचे कपडे होऊन जातात. जमा संपते आणि हप्ते मात्र चालूच राहतात. मग थकबाकी, विलंब शुल्क आणि बाकीच्या खर्चावर कार्डाचे जबर व्याज.

परतावा वाटेत असताना बिलाची तारीख आली, तर भरावे की थांबावे, हा पुढचा प्रश्न. बिल भरण्याच्या तारखेआधी परतावा जमा झाला आणि बिल भरलेले नसेल, तर तो ताबडतोब देय रकमेत वळता करावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात. तो त्या तारखेपर्यंत खात्यात दिसत नसेल, तर मात्र बिल भरून टाकणेच शहाणपणाचे. आधी भरलेल्या रकमेपोटी कार्डावर जास्तीची जमा उरली, तर ती स्वतःच्या बँक खात्यात मागता येते आणि विनंती केल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ती द्यावी लागते. पण ईएमआय रद्द झाल्याची खात्री होण्याआधी हे पैसे काढून घेऊ नयेत, नाहीतर पुढचे हप्ते खिशातून भरावे लागतील. विक्रेता म्हणतो पैसे पाठवले आणि बँक म्हणते आले नाहीत, अशी अडचण असेल तर विक्रेत्याकडे परताव्याचा ‘एआरएन’ क्रमांक मागावा. त्या क्रमांकावरून बँकेला पैशांचा माग काढता येतो.

गावातल्या किंवा शहरातल्या दुकानातून ‘फायनान्सवर’ टीव्ही, फ्रिज घेणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे कार्ड नसते. फायनान्स कंपनी दुकानदाराला थेट पैसे देते आणि ग्राहकाच्या बचत खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची परवानगी घेते. अशा खरेदीत वस्तू परत घ्यायची झाली, तर दुकानदाराने मूळ बिल रद्द करून पैसे फायनान्स कंपनीला परत करावे लागतात. त्यानंतरच कंपनी कर्ज रद्द करते. डाउन पेमेंटचे पैसे ग्राहकाला दुकानदाराकडून मिळतात.

सर्वात मोठी चूक इथेच होते. दुकानदार ओळखीचा असतो. तो म्हणतो, ‘टीव्ही ठेवून जा, पैसे रोख घ्या’, किंवा ‘याच किमतीचा दुसरा माल घ्या’. रोख पैसे घेतले, तर कर्ज जिवंतच राहते आणि ते फेडायची जबाबदारी ग्राहकाचीच असते. दुसरा माल घेतला, तर हप्ते तसेच चालू राहणार, हे धरून चालावे आणि नव्या वस्तूच्या अनुक्रमांकाचे बिल मागून घ्यावे. कर्ज रद्दच करायचे असेल, तर पैसे कंपनीकडेच जाऊ द्यावेत आणि रद्द झालेल्या बिलाची प्रत हातात घेतल्याशिवाय दुकान सोडू नये.

दुसरी चूक रागातून होते. माल खराब निघाला, दुकानदार दाद देत नाही, म्हणून ग्राहक खात्यात पैसेच ठेवत नाही. हा राग समजण्यासारखा आहे, पण त्याचा चटका दुकानदाराला बसत नाही. हप्ता परत गेला की बँक वेगळा दंड घेते, फायनान्स कंपनी वेगळा, आणि थकबाकीची नोंद पतअहवालात जाते. पुढे घरकर्जाच्या वेळी ती आडवी येते. मालाचे भांडण मालवाल्याशी लढावे आणि तोवर हप्ता चालू ठेवावा. ऑनलाइन खरेदीत सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक आयोगाकडे जाताना भरलेले व्याज आणि शुल्कही नुकसानभरपाईत मागता येते, म्हणून प्रत्येक बिल जपून ठेवावे.

‘आत्ता घ्या, नंतर भरा’ असे सांगणाऱ्या अ‍ॅपमध्ये परतावा सहसा त्याच अ‍ॅपच्या उधारीत वळता होतो. वस्तू परत केल्याची विनंती टाकली म्हणजे देय रक्कम घटली असे नाही. विक्रेत्याने वस्तू तपासून परतावा मंजूर केल्यावरच ती घटते आणि तोवर देय तारीख उलटू शकते. अ‍ॅपवरून घेतलेले कर्ज असेल तर आणखी एक सोय आहे. डिजिटल कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने माघारीची मुदत ठेवायला लावली आहे. २०२५ च्या निर्देशांनुसार ती किमान एक दिवसाची असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज देऊन दंडाविना कर्जातून बाहेर पडता येते. आधी सांगितले असेल तर प्रक्रिया शुल्क मात्र कापले जाऊ शकते. ही माघार कर्जातून आहे, खरेदीतून नाही.

कर्ज रद्द झाले की लेखी पत्र मागावे. हप्ता कापण्याची परवानगी रद्द झाल्याचेही पाहावे. महिना-दोन महिन्यांनी पतअहवाल उघडून ते खाते बंद दिसते का हे तपासावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. बँकेने किंवा फायनान्स कंपनीने ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. आणि अहवालातली चूक कळवूनही ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळायला हवी, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.