तिरुपतीचं सत्तर किलो व्याज आणि शहापूरची बोरमाळ

बँक सोन्याच्या ठेवीवर सोन्यातच व्याज देत असे, याचं मला फार वर्षांपासून कुतूहल आहे. शहापूरच्या सराफ गल्लीत सोनं मोडता येतं, गहाण ठेवता येतं, बदलून घेता येतं; ग्रॅमनं वाढत मात्र नाही. ते खरोखर वाढल्याचा ठसठशीत पुरावा सापडला तो तिरुपतीच्या हिशोबात.

तामिळनाडूत १८ एप्रिल २०१९ला मतदान होतं. त्याच्या आदल्या रात्री निवडणूक आयोगाच्या पथकानं तिरुवल्लूर जिल्ह्यात सोन्यानं भरलेलं वाहन अडवलं. आत १,३८१ किलो सोनं होतं. ते तिरुमला देवस्थानाचं निघालं. देवस्थानानं एप्रिल २०१६मध्ये पंजाब नॅशनल बँकेत १,३११ किलो सोनं तीन वर्षांसाठी ठेवलं होतं, ते मुदत संपल्यावर परत चाललं होतं. मधले सत्तर किलो हे व्याज. दर पावणेदोन टक्के. १,३११ वर वर्षाला १.७५ टक्के चक्रवाढीनं लावून पाहा, तीन वर्षांनी बरोबर १,३८१ येतात. सोन्याचा भाव या आकडेमोडीत कुठेच शिरत नाही. आपल्या बेळगाव-निपाणीकडचे भाविकही तिथल्या हुंडीत डाग टाकतात, तेही अशा राशींत मिसळतात. देवाचे हे डाग परत कुणाच्या गळ्यात जायचे नसतात, म्हणून देवस्थानाला अशी ठेव मानवते.

आता शहापुरातल्या एखाद्या घराचा हिशोब मांडू. समजा, आजीच्या पाटल्या आणि बोरमाळ मिळून काट्यावर ६२ ग्रॅम भरल्या. नोव्हेंबर २०१५मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेत हे डाग आधी मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात जातात. तिथलं यंत्र क्ष-किरणांनी वरवरचा कस सांगतं. तो पटला नाही, तर डाग जसेच्या तसे घेऊन घरी येता येतं. एकदा होकार दिला, की खडे काढून सगळं वितळवतात आणि खरा कस आगीत ठरतो. बोरमाळेच्या पोकळ मण्यांत लाख असते. लाख आणि दोरा यांचे आठ ग्रॅम गेले, राहिले ५४. डागाच्या पृष्ठभागावर यंत्र ९१६ दाखवेल, पण जुन्या डागांच्या जोडांत झाळ असते, त्यामुळे वितळल्यावर कस ९०० निघणं अगदी शक्य आहे. म्हणजे शुद्ध सोनं ४८.६ ग्रॅम. बँक हिशोब ९९५ कसानं ठेवते, म्हणून पावतीवर ४८.८४ ग्रॅम येतात. यात कुणी चोरी केलेली नाही, शुद्ध सोनं होतं तेवढंच आहे. पण हा निकाल पटला नाही, तर शुल्क भरून परत मिळते ती लगड. बोरमाळ संपलेली असते.

त्या ४८.८४ वर तिरुपतीचाच दर धरला, तर तीन वर्षांनी ५१.४५ ग्रॅम होतात. वाढ अडीच ग्रॅमहून थोडी जास्त. त्याच सोन्याचे पुन्हा डाग घडवायचे आणि मजुरी शेकडा दहा धरायची, तर पाच ग्रॅमची किंमत तिथेच जाते. शिवाय व्याज पहिल्या दिवसापासून नसतं. सोन्याचे बार तयार होईपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीस दिवस, ते नुसतं सांभाळायला ठेवलेलं असतं. पुढे तर नियमच बदलला. अल्प मुदतीत मुद्दल सोन्यात, पण व्याज ठेवीच्या दिवशीच्या भावानं रुपयांत, असं झालं. स्टेट बँकेचा दर अर्ध्या टक्क्याच्या आसपास आला. सव्वादोन-अडीच टक्क्यांच्या मध्यम आणि दीर्घ मुदतीच्या ठेवींचं व्याजही पहिल्यापासून असंच गोठलेलं होतं. त्या ठेवी सरकारनं २६ मार्च २०२५पासून घेणंच थांबवलं. माझ्या मते, आजही वापरात असलेला डाग कुणी यात घालू नये. तुटके, एकेकटे तुकडे असतील तर गोष्ट वेगळी.

परतफेडीचं कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि तेच कुणी वाचत नाही. सोनं सोन्यातच परत घेतलं तर वजनाचा प्रश्न मिटतो. रुपये मागितले, तर सराफाच्या फळ्यावरचा भाव लागत नाही. लंडनचा सकाळचा भाव घ्यायचा, त्या दिवशीच्या डॉलरच्या दरानं रुपये करायचे आणि वर चालू आयात शुल्क मिळवायचं, असं रिझर्व्ह बँकेचं सूत्र आहे. २३ जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात हे शुल्क पंधरा टक्क्यांवरून सहावर आलं. लंडनचा भाव १०० धरला, तर आदल्या दिवशी ठेवीदाराच्या हाती ११५ पडले असते, शुल्क उतरल्यावर १०६. जवळजवळ आठ टक्के गेले. तिरुपतीला तीन वर्षांत मिळालेलं सगळं व्याज सव्वापाच टक्क्यांच्या वर थोडंसंच होतं. म्हणून मुदत अर्थसंकल्पाच्या तोंडावर संपत असेल, तर रुपये की सोनं हा पर्याय पावतीवर काय लिहिलाय, ते आधी पाहावं.