एक बदल, चार खेपा

बँकेच्या खात्यातली शिल्लक बदलायची, म्हणजे डिस्कवर मोजके बाइट लिहायचे. पण त्या डिस्क ‘रेड ५’ पद्धतीने जोडलेल्या असतील, तर एवढ्याशा बदलासाठी चार खेपा पडतात. रेडवरच्या गणितात अनेक विद्यार्थी नेमके इथेच घसरतात.

अनेक स्वस्त डिस्क जोडून एक भरवशाचा साठा उभारायचा, ही कल्पना डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कलेच्या विद्यापीठातून मांडली. समजा, आपल्याकडे ८ डिस्क आहेत. प्रत्येकीवर ४ टेराबाइट मावतात आणि प्रत्येक डिस्क सेकंदाला १५० खेपा करते. सगळ्या मिळून १२०० खेपा.

रेड ५ मध्ये एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे ताळ्याच्या बिटांना जाते. उरतात २८ टेराबाइट. कोणतीही एक डिस्क बंद पडली, तर बाकीच्या सातांवरून तिची माहिती पुन्हा काढता येते. दुसरीही गेली की साठा गेला.

आता लेखन. जुनी माहिती १०११ आहे, तिथे १११० लिहायचे आहे. दोन्हींची तुलना केली की दुसरा आणि चौथा बिट बदललेला दिसतो. म्हणून पॅरिटीतलेही तेच दोन बिट उलटवायचे: ०११० ची झाली ००११. यातली गंमत अशी, की उरलेल्या सहा डिस्कना हात लावावा लागत नाही. मात्र जुनी माहिती आणि जुनी पॅरिटी वाचावी लागते, मग दोन्ही नव्याने लिहाव्या लागतात. झाल्या चार खेपा. १२०० भागिले ४, म्हणजे सेकंदाला ३०० लहान लेखने. सगळ्या डिस्कवरचा पूर्ण पट्टा एकदम लिहायचा असेल, तर आधी काही वाचावे लागत नाही आणि हा भागाकार लागू होत नाही.

रेड ६ मध्ये पॅरिटी दुहेरी असते. जागा २४ टेराबाइट, कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालते, पण खेपा सहा होतात आणि लेखने २०० वर येतात. रेड १० मध्ये डिस्कच्या जोड्या असतात आणि प्रत्येक माहिती दोनदा लिहिली जाते. जागा निम्मी, १६ टेराबाइट. लेखने मात्र ६००. ‘किती डिस्क गेलेल्या चालतील?’ या प्रश्नाला इथे दोन उत्तरे आहेत. खात्री फक्त एकीची. नशिबाने प्रत्येक जोडीतली एकच गेली, तर चारही चालतात. पहिली गेल्यावर उरलेल्या सातांपैकी तिची जोडीदारच तेवढी घातक असते.

रेड ४ चा सापळा याहून खोल आहे. जागा आणि सुरक्षितता रेड ५ इतकीच, पण सगळी पॅरिटी एकाच डिस्कवर. प्रत्येक लेखनात तिच्यावर एक वाचन, एक लेखन. त्यामुळे सेकंदाला १५० भागिले २, म्हणजे ७५ लेखने. डिस्क ८ च्या १६ केल्या तरी हा आकडा ७५ च राहतो. पॅरिटी सगळ्या डिस्कवर वाटून टाकणाऱ्या रेड ५ मध्ये मात्र तो ३०० वरून ६०० होतो.