मॉसफेट ‘सुरू’ होतो म्हणजे नेमकं काय होतं?

इलेक्ट्रॉनिक्सचं प्रोजेक्ट करणारी मुलं IRFZ44N हा मॉसफेट हमखास वापरतात. त्याच्या डेटाशीटमध्ये थ्रेशोल्ड व्होल्टेज २ ते ४ व्होल्ट असं छापलेलं असतं. ते वाचून मुलं गेटला ३.३ व्होल्ट देतात, मोटर कशीबशी फिरते आणि मॉसफेट हात लावता येणार नाही इतका तापतो. पार्ट खराब निघाला असं त्यांना वाटतं. पण त्याच ओळीत पुढे एक अट असते, ती वाचायची राहून गेलेली असते: हा आकडा २५० मायक्रोअँपिअर प्रवाहाचा आहे. मोटरला लागतात अँपिअर. थ्रेशोल्डला मॉसफेट जेमतेम वाहू लागतो, पुरता उघडत नाही.

असं का होतं, हे आतल्या रचनेत दिसतं. पी-प्रकारच्या सिलिकॉनमध्ये सोर्स आणि ड्रेन ही एन-प्रकारची दोन बेटं असतात. मधल्या पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यावर गेट. गेटला धन व्होल्टेज दिलं की पृष्ठभागाजवळचे होल आधी खाली ढकलले जातात. व्होल्टेज आणखी वाढवलं की तिथे इलेक्ट्रॉन गोळा होतात आणि दोन बेटांना जोडणारी वाट तयार होते. या वाटेला चॅनल म्हणतात आणि ती नीट तयार होते ते गेट-सोर्स व्होल्टेज म्हणजे थ्रेशोल्ड, Vt. त्याच्या खालीही थोडा प्रवाह झिरपतोच, फक्त तो फार झपाट्याने कमी होत जातो. वाट किती रुंद होणार, हे VGS थ्रेशोल्डच्या किती वर आहे त्यावर ठरतं. म्हणून खरा महत्त्वाचा आकडा म्हणजे VGS − Vt.

गेट थ्रेशोल्डच्या खाली असेल तर मॉसफेट कट-ऑफमध्ये असतो, म्हणजे व्यवहारात बंद. वर असेल तर पुढचं ड्रेनवर अवलंबून. ड्रेनचं व्होल्टेज VGS − Vt पेक्षा कमी असेल, तर चॅनल या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असतं आणि मॉसफेट रोधकासारखा वागतो. हा ट्रायोड विभाग. ड्रेनचं व्होल्टेज वाढत गेलं की ड्रेनच्या टोकाशी चॅनल बारीक होत जातं आणि VDS हे VGS − Vt इतकं झालं की तिथे ते संपतं. प्रवाह मात्र थांबत नाही. चॅनलच्या टोकाला पोचलेले इलेक्ट्रॉन पुढच्या तीव्र विद्युतक्षेत्रात ड्रेनकडे ओढले जातात. जादा व्होल्टेज त्या छोट्या पट्ट्यावर पडतं, चॅनलवरचं व्होल्टेज तेवढंच राहतं, त्यामुळे प्रवाह जवळजवळ स्थिरावतो. हे सॅच्युरेशन.

आता एक गणित. Vt = 1 V, k = 1 mA/V², सोर्स जमिनीला, गेटला ३ व्होल्ट. पुरवठा ५ व्होल्टचा आणि ड्रेनशी १ किलोओहमचा रोधक. विभाग आधी ठाऊक नसतो, म्हणून सॅच्युरेशन गृहीत धरायचं:

```
ID = (k/2)(VGS − Vt)² = 0.5 × 2² = 2 mA
VDS = 5 − 2 × 1 = 3 V
```

VGS − Vt आहे २ व्होल्ट. तीन त्याहून मोठा, म्हणजे गृहीतक बरोबर आणि उत्तर २ मिलिअँपिअर.

आता फक्त रोधक बदलून ४ किलोओहम करू. सॅच्युरेशनचं सूत्र पुन्हा २ मिलिअँपिअरच सांगतं, पण मग रोधकावरच ८ व्होल्ट पडायला हवेत आणि पुरवठा तर पाचचाच. VDS उणे ३ येतं, ते इथे शक्यच नाही. गृहीतक मोडलं. ट्रायोडचं सूत्र घ्यायचं:

```
ID = k[(VGS − Vt)VDS − VDS²/2]
(5 − VDS)/4 = 2VDS − VDS²/2
2VDS² − 9VDS + 5 = 0
VDS = 0.65 V किंवा 3.85 V
```

दोन उत्तरांपैकी ३.८५ टाकून द्यायचं, कारण ट्रायोडमध्ये VDS दोनपेक्षा कमीच हवं. परीक्षेत नेमकी ही तपासणी राहते आणि मार्क जातात. उरलेल्या ०.६५ व्होल्टवरून प्रवाह येतो सुमारे १.०९ मिलिअँपिअर.

तापण्याचं कारणही याच दोन उत्तरांत आहे. पहिल्या परिपथात मॉसफेटमध्ये ३ × २, म्हणजे ६ मिलिवॉट उष्णता होते, दुसऱ्यात ०.७ च्या आसपास. स्विच म्हणून वापरताना मॉसफेट ट्रायोडमध्ये खोलवर हवा, VDS अगदी कमी हवं. मोटरचा प्रवाह मोठा आणि गेटला ३.३ व्होल्ट, अशा वेळी IRFZ44N तिथवर पोचत नाही, त्याचा १७.५ मिलिओहमचा रोध गेटला १० व्होल्ट दिल्यावरचा आहे. ५ व्होल्टच्या बोर्डाला IRLZ44N बरा, कारण त्याच्या डेटाशीटमध्ये ५ आणि ४ व्होल्टचेही रोध दिलेले असतात. ३.३ व्होल्टचा मात्र तिथेही नाही. त्या बोर्डासाठी असा मॉसफेट शोधायचा, ज्याच्या डेटाशीटमध्ये २.५ व्होल्टच्या गेटला रोध किती ते छापलेलं आहे.