पायाखालची फळी आणि खरी उंची

दहा वर्षांच्या एका मुलाचं उदाहरण घेऊ. उजव्या मांडीचं हाड मोडलं आणि जुळताना २ सेंटिमीटर आखूड राहिलं. अपघातापूर्वी उंची १३० सेंमी होती. सहा महिन्यांत तो ३ सेंमी वाढला, तरी मोजपट्टी १३२ दाखवते. वाढ मंदावली, अशी शंका आईवडिलांना येणारच.

वाढ मंदावलेली नसते. दोन्ही टाचा टेकवून, गुडघे ताठ ठेवून उभं राहिलं की कंबर आखूड पायाकडे कलते. एक खुबा २ सेंमी खाली असतो. मणका मात्र दोन्ही खुब्यांच्या मधोमध टेकलेला असल्याने साधारण निम्माच, म्हणजे १ सेंमी खाली येतो. तोल सावरायला तो किंचित वाकतो, त्यात आणखी थोडी उंची जाते. मुलाने लांब पायाचा गुडघा दुमडला, तर तूट पूर्ण २ सेंमींची होते. आखूड पायाची टाच उचलली, तर ती दिसतच नाही.

म्हणून मोजणाऱ्याने आधी मागे बसून कमरेच्या हाडांच्या दोन्ही कडांवर हात ठेवावेत. आखूड पायाखाली पातळ फळ्या सरकवत कडा समपातळीत आणाव्यात, मगच उंची घ्यावी. फळीची जाडी उंचीशेजारी लिहायलाच हवी, कारण पुढच्या वेळी तुलना त्याच पद्धतीशी करायची असते.

फळी ठेवूनही कंबर तिरकीच राहिली, तर दोष मणक्यात किंवा आखडलेल्या खुब्यात असू शकतो. तिथे एक्स-रेशिवाय निदान करू नये.