गुगल लिंकऐवजी थेट उत्तर कसं देतं? आणि ते उत्तर कधी फसवं ठरतं?

गुगलवर 'सातारा लोकसंख्या' असं शोधलं, तर अनेकदा निळ्या लिंकच्या यादीआधीच एका चौकटीत आकडा दिसतो. कुठलंही पान न उघडता उत्तर मिळतं. पण हा आकडा नेमका कोणत्या साताऱ्याचा? शहराचा की जिल्ह्याचा?

हे उत्तर येतं कुठून?

गुगलने मे २०१२मध्ये 'नॉलेज ग्राफ' सुरू केला. त्याआधी सर्च इंजिन मुख्यतः शब्द जुळवायचं, म्हणजे 'सातारा' हा शब्द कोणत्या पानांवर आहे ते पाहायचं. नॉलेज ग्राफमध्ये शब्दांऐवजी गोष्टींची नोंद असते. व्यक्ती, गाव, किल्ला, चित्रपट अशा प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र ओळख क्रमांक दिलेला असतो. या प्रत्येक नोंदीला 'एन्टिटी' म्हणतात.

सातारा शहर ही एक एन्टिटी आहे आणि सातारा जिल्हा ही दुसरी. नाव एकच असलं तरी क्रमांक वेगळे. प्रत्येक माहिती तीन तुकड्यांत साठवलेली असते:

- सातारा जिल्हा → लोकसंख्या → ३०,०३,७४१
- सातारा शहर → लोकसंख्या → सुमारे १ लाख २० हजार

हे दोन्ही आकडे २०११च्या जनगणनेचे आहेत.

शोधल्यावर काय होतं?

आधी प्रश्नाचे दोन भाग केले जातात: कोणाबद्दल विचारलंय (सातारा) आणि काय विचारलंय (लोकसंख्या). मग 'सातारा' नावाच्या नोंदींपैकी एक निवडली जाते. ही निवड करताना प्रश्नातले इतर शब्द आणि त्या नावाने लोक सहसा काय शोधतात, याचा अंदाज घेतला जातो. शेवटी निवडलेल्या नोंदीतला आकडा चौकटीत दाखवला जातो.

चूक कुठे होते?

ती बहुतेकदा मधल्या टप्प्यावर होते. आकडा बरोबर असतो, पण तो दुसऱ्याच साताऱ्याचा असतो. दहा लिंकच्या यादीत शहर आणि जिल्हा अशी दोन्ही पानं दिसली असती आणि फरक लगेच कळला असता. चौकटीत मात्र एकच उत्तर असतं. त्याचा स्क्रीनशॉट काढून फॉरवर्ड केला, की शहराच्या नावाने जिल्ह्याचा, म्हणजे तब्बल पंचवीसपट मोठा आकडा फिरू लागतो.

कसं तपासाल?

चौकटीत नावाखाली किंवा नावाशेजारी लिहिलेलं वर्णन वाचा: 'शहर' आहे की 'जिल्हा'? आकड्यासोबत वर्ष आहे का, तेही पाहा. शंका आली तर 'सातारा शहर लोकसंख्या २०११' असं नेमकं शोधा. प्रश्नात 'शहर' हा शब्द आला, की योग्य नोंद निवडली जाण्याची शक्यता वाढते. तरीही आकडा पुढे पाठवायचा असेल, तर खालची एखादी लिंक उघडून तो जनगणनेच्या माहितीशी जुळतो का, ते पाहा.