घरातला आवाज – भाग ९ : सोफा भिंतीला टेकला आहे का?

छताकडे तोंड करून आवाज फेकणाऱ्या स्पीकरांबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. मंगळवारी सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि सोबत चौकटीच्या कागदावर पट्टीने आखलेला त्यांचा हॉल, फुटा-इंचांसकट. असा नकाशा हाती पडला की मला दुसरं काही सुचत नाही.

पत्राचा मजकूर असा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ३२ हजारांचा साउंडबार घेतला. या दिवाळीत त्याच कंपनीचे मागे ठेवायचे वायरलेस स्पीकर घेतले, जोडीला १८ हजार. तक्रारी तीन. वायरलेस म्हणून घेतले, तर दोघांनाही शेपटीसारखी वायर आहेच. महिना झाला, पण त्यांतून काही ऐकू येतंय असं वाटत नाही. आणि कधी आलंच, तर फक्त डावीकडून. शेवटी प्रश्न : ‘याऐवजी सबवूफर घेतला असता तर पैसे सत्कारणी लागले असते का?’

उत्तर ‘हो’ आहे. पण ते त्यांच्या स्पीकरांमुळे नाही, त्यांच्या सोफ्यामुळे.

पहिली तक्रार लवकर मिटते. वायरलेस म्हणजे बारपासून स्पीकरपर्यंत आवाजाची तार नाही, एवढंच. आत अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो, त्याला वीज लागणारच. काही मॉडेलांना बॅटरी असते, पण मग ती चार्ज करत बसावं लागतं. म्हणून खरेदीआधी सोफ्यामागे दोन आणि सबसाठी एक, असे तीन प्लग कुठे मिळणार ते बघून ठेवा. आणि हे पॉइंट इन्व्हर्टरवर आहेत का, तेही. बार इन्व्हर्टरवर आणि मागचे स्पीकर नुसत्या लाइनवर असले, तर वीज गेली की मागची जोडी मुकी होते आणि आपण बिघाड शोधत बसतो.

दुसऱ्या तक्रारीत दोष स्पीकरांचा नसतोच बहुधा. मी त्यांना फोन करून टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल साउंड आउट’ उघडायला सांगितलं. तिथे `PCM` निवडलेलं होतं. एआरसी किंवा ऑप्टिकल जोडणीवर `PCM` असलं की टीव्ही दोनच चॅनेलचा आवाज बाहेर सोडतो, डावा आणि उजवा. सिनेमात पाच दिशांचा आवाज भरलेला असला तरी तो टीव्हीतच आटून दोन होतो आणि बारकडे मागे पाठवण्यासारखं काही उरत नाही. तिथे `Auto` किंवा `Pass-through` करायचं. मग ओटीटीवरचा ५.१चा सिनेमा लावून बारच्या डिस्प्लेवर किंवा अ‍ॅपमध्ये बघायचं. `Dolby Digital` किंवा `Dolby Digital Plus` दिसलं, की माल पोचला.

त्यांच्याकडे तो पोचला. त्याच रात्री मेसेज आला : ‘मागून पाऊस पडला!’

पण रोज पाऊस पडणार का, हा खरा खर्चाचा प्रश्न. सेट-टॉप बॉक्सवरच्या बहुतेक मालिका आणि बातम्या दोन चॅनेलच्याच असतात. बार त्यातून आपल्या अकलेने मागचा आवाज बनवू शकतो, पण तो खोलीची थोडी घुमारी असते, दिशा नव्हे. काही बारच्या एका मोडमध्ये तर पुढचाच आवाज सगळ्या स्पीकरांतून वाजतो. मग सासूबाई समोर दिसतात आणि रागावतात पाठीमागून. मी त्यांना एक काम दिलं : कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला आठवडाभर, काही बघायला बसलात की डिस्प्लेवरचं नाव लिहायचं. आठवड्यात ते बावीस वेळा टीव्हीसमोर बसले. त्यात `Dolby` पाच वेळा. हा कागद १८ हजार मोजण्याआधी भरायचा असतो. त्याला खर्च नाही.

आता तिसरी तक्रार, आणि नकाशा. हॉल १४ फूट लांब, १० फूट रुंद. टीव्ही एका आखूड भिंतीवर, सोफा समोरच्या आखूड भिंतीला पाठ लावून. सोफा सात फुटी. उजवीकडे स्वयंपाकघराचं दार असल्यामुळे तो डाव्या भिंतीला सरकवलेला. वाचकांची स्वतःची जागा डाव्या टोकाची. डावा स्पीकर त्याच कोपऱ्यात फळीवर, त्यांच्या कानापासून दीड फूट. उजवा दारापलीकडच्या भिंतीवर, आठ फूट.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. दीडचे तीन, तिनाचे सहा, म्हणजे १२ डेसिबल गेले आणि वर आणखी दोन फूट आहेतच. बंद खोलीत भिंती थोडं परत देतात, पण फरक मोठाच राहतो. शिवाय वेळेचा घोळ. आवाज एका मिलिसेकंदात फूटभराहून जरा जास्त जातो. बार त्यांच्यापासून बारा फुटांवर, म्हणजे डाव्या स्पीकरचा आवाज बारच्या आवाजाआधी सुमारे ९ मिलिसेकंद पोचतो. कानाची खोड अशी, की जो आवाज आधी येतो त्याच्या दिशेला तो सगळं चिकटवतो. बारच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि पातळी भरता येत असेल तर टेपने मोजून भरा, अंदाजाने नको. त्यांनी भरलं. त्यांच्या जागेवरून तोल बराच सुधारला आणि सोफ्याच्या मध्यावर बसणाऱ्या त्यांच्या पत्नीला सगळं उजवीकडून ऐकू येऊ लागलं. एका कानासाठी केलेली बेरीज दुसऱ्या कानासाठी वजाबाकी ठरते. यावर सेटिंगमध्ये इलाज नाही, जागेतच आहे.

मग जागा कोणती? ‘मागचे’ हा शब्दच फसवा आहे. टीव्ही समोर शून्य अंशावर धरला तर आपला कान ९० अंशांवर येतो, आणि ५.१मध्ये या स्पीकरांची जागा ११० ते १२० अंश. म्हणजे डोक्यामागे नव्हे, कानाच्या जरासं मागे, बाजूला, उंची कानाच्या थोडी वर. १९७९च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या ७० मिलिमीटरच्या प्रतींत मागचा डावा आणि मागचा उजवा आवाज वेगळा केला होता. सुरुवातीचं ते हेलिकॉप्टर प्रेक्षागृहाभोवती फिरतं ते त्यामुळे. घरी ते फिरायला हवं असेल तर दोन्ही स्पीकर साधारण सारख्या अंतरावर आणि प्रत्येक कानापासून निदान तीन फूट लांब हवेत. त्याहून जवळ असला की सिनेमा ऐकू येत नाही, स्पीकर ऐकू येतो. सोफ्याची पाठ भिंतीला असेल तर बाजूच्या भिंतींवर ९० अंशांशी लावून निभावतं, पण त्यासाठी सोफा मध्यावर हवा आणि दोन्ही बाजूंना जागा हवी. आपल्या फ्लॅटांत एका बाजूला दार किंवा बाल्कनी निघतेच.

आता गंमत बघा. जी भिंत मागच्या स्पीकरांचा घात करते, तीच सबवूफरला मदत करते.

४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे २८ फूट लांब असते. आपली खोली १४ फुटांची, म्हणजे बरोबर अर्धी लाट. अशी लाट खोलीत अडकून घुमते. दोन्ही टोकांच्या भिंतींशी तिचा दाब सर्वांत जास्त, मधोमध जवळजवळ शून्य. खोलीच्या मध्यावर खुर्ची टाकून बसलात तर महागडा सबही तिथे त्या सुराला दुबळा वाटेल. सोफा भिंतीला असेल तर छोटा सबही मोठा वाटतो.

आणि सब जे देतो ते बारपाशी मुळात नसतंच. चार बोटं उंचीच्या पेटीतले छोटे स्पीकर खालच्या सुरांशी धापा टाकतात. काळी एकच्या तानपुऱ्यात खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास लागते. पातळ बारवर ती ऐकू येते असं वाटतं, पण बार बहुतेक तिचे वरचेच स्वर वाजवत असतो, खर्ज आपला मेंदू भरून घेतो. सब जोडला की खर्ज हवेत येतो. डग्ग्याचंही तसंच. त्याला `Dolby` लागत नाही, ५.१ लागत नाही. दोन चॅनेलच्या मैफलीतही सब कामाला येतो. त्या बावीसपैकी पाच नव्हे, बावीसही वेळा.

दोष सबलाही आहेत. भिंतीजवळ बसणाऱ्याला एखादाच सूर फुगून बाकीच्यांवर बसल्यासारखा वाटतो. उतरत्या बेसची गत असलेलं गाणं लावा. प्रत्येक सूर वेगळा ऐकू आला तर ठीक, सगळेच ‘भूम भूम’ झाले तर सबची पातळी दोन-तीन घरं खाली आणा आणि तो कोपऱ्यातून दोनेक फूट बाजूला सरकवा. सरकवायचा किती, हे ठरवायची जुनी युक्ती : सब सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत जिथे बेस सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल ती जागा खडूने आखायची. सब तिथे. घरचे हसतील, हसू द्या. मात्र संवाद पुटपुटल्यासारखे येतात म्हणून सब घेऊ नका. चढवलेला सब संवाद उलट झाकतो. आणि खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर सबखाली रबरी पाय लावून पेटीचा हादरा कमी होईल, हवेतून स्लॅबपार जाणारा बेस थांबणार नाही. रात्री दहानंतर नाइट मोड, हाच शेजारधर्म.

एक व्यवहाराची गोष्ट दोघांनाही लागू. ही जोडणी त्याच कंपनीच्या ठरावीक मॉडेलांशीच जुळते. चार वर्षांनी बार बदललात तर ही जोडी नव्या बारला ओळखेल याची खात्री नाही. त्यामुळे सुट्या भागांची किंमत बारच्या उरलेल्या आयुष्यात मोजायची. वर्ष-दोन वर्षांत बार बदलायचा विचार असेल तर आत्ता यातलं काहीच घेऊ नका. बारसोबत खोक्यातच सब आला असेल तर तुमचा निम्मा प्रश्न आधीच सुटलाय.

माझा निकाल असा. सोफा भिंतीला टेकलेला, बार पातळ, बघणं बहुतेक वाहिन्यांचं : आधी सब. मागचे स्पीकर तेव्हाच, जेव्हा सोफ्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट सुटतात आणि कालनिर्णयाच्या कागदावर निम्म्याहून जास्त वेळा `Dolby` लिहिलं जातं. दोन्हींपैकी एक अट जरी हुकली तरी पैसे बँकेत राहू द्या.

सांगलीच्या वाचकांना स्पीकर परत करण्याची मुदत उलटून गेली होती. आता ते रविवारी सिनेमा लावायच्या आधी सोफा दोन फूट पुढे आणि दीड फूट उजवीकडे ओढतात, डावा स्पीकर मागे स्टुलावर ठेवतात आणि सिनेमा संपला की सोफा पुन्हा दारापासून बाजूला करतात. तुमच्याही हॉलचा नकाशा पाठवा, पण सोफा नेमका कुठे आहे ते आखायला विसरू नका.